माईकला ओठ लावून रेकॉर्ड केलेला आवाज घुमतो: इक्वलायझरने नेमकं काय आणि किती कापायचं

आमच्या कामात एक निवेदक आहेत. आवाज उत्तम, उच्चार स्वच्छ, वाचन एकदम पक्कं. पण घरून फाइल पाठवली की दर दोन-तीन वेळांतून एकदा तरी ती माठात तोंड घालून बोलल्यासारखी येते. लॅपटॉपच्या स्पीकरवर काहीच जाणवत नाही. हेडफोन लावला की छातीवर कुणी उशी ठेवल्यासारखं वाटतं, आणि मोठ्या स्पीकरवर तर शब्दांपेक्षा घुमणंच जास्त ऐकू येतं. कारण दर वेळी तेच असतं. ऐन रंगात आले की ते माईकच्या जवळ जवळ सरकतात आणि अंतर चार-पाच सेंटीमीटरवर येतं.

पुन्हा रेकॉर्ड करता आलं तर तेच करावं, यात वाद नाही. पण फाइल रात्री येते, व्हिडिओ सकाळी जायचा असतो, म्हणून दुरुस्ती इक्वलायझरनेच करावी लागते. या एका तक्रारीसाठी मी कितीतरी वर्षं चुकीची जागा कापत होतो. त्या चुका आणि आता जे करतो ते, दोन्ही इथे लिहितो.

आधी खात्री: हे जवळिकीचंच घुमणं आहे का?

खर्ज जास्त वाटण्याची दुसरी दोन कारणं नेहमी आढळतात आणि त्यांचा इलाज वेगळा आहे. पहिलं कारण खोली. लहान खोलीत एखाद-दुसरी फ्रिक्वेन्सी घुमत राहते. हेडफोन लावून शब्दाचा शेवट ऐका. शब्द संपल्यावरही खाली एक 'हूं' रेंगाळत असेल, किंवा आवाज वर-खाली होताना एका ठरावीक सुरावरच फुगत असेल, तर दोष खोलीचा. तिथे त्या फ्रिक्वेन्सीवर अरुंद कपात चालते. जवळिकीचं घुमणं शब्दाबरोबर सुरू होतं, शब्दाबरोबर थांबतं आणि कुठल्याही सुरावर सारखंच जड असतं.

दुसरं कारण म्हणजे 'प', 'फ', 'भ' यांवर बसणारे धक्के. तोंडातला वारा माईकवर आदळतो तेव्हा 'धप्' होतं. जवळ बोलल्यावर हेही वाढतं, त्यामुळे दोन्ही दोष एकत्र येतात आणि माणूस गोंधळतो. पण धक्के ठरावीक अक्षरांवरच येतात. 'आई आली' यासारख्या, धक्क्याची अक्षरं नसलेल्या वाक्यातही आवाज जड वाटत असेल तर मूळ दुखणं जवळिकीचं आहे.

आणि हा तपास बास वाढवणाऱ्या हेडफोनवर करू नका. मी एकदा अख्खं काम तसल्या हेडफोनवर केलं होतं. जास्तीचं सगळं कापून टाकलं आणि फाइल दुसऱ्याने ऐकली तेव्हा ती टेलिफोनसारखी वाजत होती.

घुमण्याचा आकार समजला की अर्धं काम झालं

आवाजाच्या कामात बहुतेकदा कार्डिऑइड माईक असतो, म्हणजे समोरचं जास्त आणि मागचं कमी ऐकणारा. असा माईक आपल्या आतल्या पडद्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला पोहोचणाऱ्या दाबातला फरक मोजून दिशा ओळखतो. दुरून आलेल्या ध्वनीचा जोर दोन्ही बाजूंना जवळपास सारखा असतो, फरक असतो तो फक्त लहर थोडी उशिरा पोहोचण्याचा. खर्जाच्या लांब लहरींत हा फरक नगण्य असतो, म्हणून माईक बनवणारे खालच्या फ्रिक्वेन्सीची ही कमतरता मुद्दाम भरून काढतात.

आता तोंड पाच सेंटीमीटरवर आलं की गणित बिघडतं. पडद्याच्या पुढची बाजू तोंडाच्या इतकी जवळ असते की मागच्या बाजूपर्यंत जाताना आवाजाचा जोरच लक्षणीय कमी होतो. जोरातला हा फरक सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखाच मिळतो, पण माईक तर खालच्या फ्रिक्वेन्सी उचलायला तयारच बसलेला असतो. परिणामी खर्ज फुगतो. चोहोबाजूंनी सारखं ऐकणाऱ्या ओम्नी माईकमध्ये मागच्या बाजूचा हा हिशेबच नसतो, म्हणून त्यात जवळिकीने खर्ज फुगत नाही.

इक्वलायझरसाठी, म्हणजे इक्यूसाठी, महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. हा फुगवटा टेकडीसारखा एका जागी नसतो, तो उतार असतो. आदर्श कार्डिऑइड माईकचं गणित मांडलं तर १५ सेंटीमीटरच्या तुलनेत ५ सेंटीमीटरवर १०० हर्ट्झला साधारण साडेआठ डेसिबल जास्त येतात, २०० ला साडेसहाच्या आसपास, ४०० ला जवळजवळ चार आणि ८०० ला दीड. खऱ्या माईकमध्ये आकडे मागेपुढे होतात, कारण प्रत्येकाची रचना वेगळी, आणि तोंड हा काही गणितातला बिंदू नाही. पण आकार हाच राहतो: वरून खाली चढत जाणारा, थेट ५०० हर्ट्झच्याही वर सुरू होणारा लांब उतार.

म्हणून हे दोन इलाज फसतात

पहिला इलाज सगळ्यांना आधी सुचतो, तो हाय-पास फिल्टर. आवाज घुमतो, मग खालचं सगळं उडवा. ८० हर्ट्झवर लावला तर काही बदलत नाही, कारण पुरुषी आवाजाचा मूळ सूर साधारण ८५ ते १५५ हर्ट्झमध्ये असतो आणि बायकांचा १६५ ते २५५ च्या आसपास. फुगवटा त्या सुरावर आणि त्याच्या वरच्या पटींवर आहे. मग माणूस फिल्टर वर सरकवत जातो. १५० वर तीव्र उताराचा हाय-पास लावला की मूळ सूरच जातो, पण २०० ते ४०० मधला गढूळपणा तसाच राहतो. आवाज एकाच वेळी पातळ आणि चोंदलेला होतो. हे मी स्वतः करून दिलेलं आहे. निवेदकांनी फाइल ऐकून विचारलं होतं, 'मला सर्दी झाली होती का त्या दिवशी?'

दुसरा इलाज म्हणजे अरुंद पट्टा वाढवून तो इकडून तिकडे फिरवायचा, जिथे सगळ्यात वाईट वाजेल तिथे कापायचं. अरुंद पट्टा बारा डेसिबल वाढवला तर कुठलीही फ्रिक्वेन्सी वाईटच वाजते, त्यामुळे दरवेळी वेगळा 'गुन्हेगार' सापडतो. समजा ११५ हर्ट्झवर खोल खड्डा केला. बोलताना मूळ सूर ९० पासून १५० पर्यंत फिरत असतो. सूर ११५ वरून गेला की तो शब्द पोकळ होतो, पुढचा शब्द १३५ वर गेला की पुन्हा जड. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण आवाज ठिकाणावर नाही एवढं मात्र कळतं.

उतार वाढलेला असेल तर त्याच्या उलटा उतारच लावायला हवा. इक्वलायझरमध्ये त्याला लो शेल्फ म्हणतात.

एका फाइलवर केलेलं काम, पायरीपायरीने

मागच्या वेळी आलेली फाइल बारा मिनिटांची होती, प्रशिक्षणाच्या व्हिडिओसाठीचं निवेदन. त्याच निवेदकांची, त्याच माईकवरची एक जुनी फाइल माझ्याकडे होती. ती त्यांनी पंधरा सेंटीमीटरवरून रेकॉर्ड केली होती आणि ती छान वाजते. अशी एक फाइल जपून ठेवा. नसेल तर निवेदकाला सांगा, तेच वाक्य पाच, पंधरा आणि तीस सेंटीमीटरवरून बोलून पाठव. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्या आवाजाचा, त्या माईकचा नकाशा कायमचा हाताशी येतो.

दोन्ही फाइलींतून शांतपणे बोललेला प्रत्येकी एक मिनिटाचा तुकडा घेतला. धक्के आणि श्वास असलेले भाग वगळले. मग दोघांची पातळी जुळवली, पण एकूण पातळी नाही. इथेच बहुतेकांची फसगत होते. घुमणाऱ्या फाइलमध्ये एकूण पातळी खर्जाने वाढलेली असते, त्यामुळे मीटरवर दोन्ही सारखी केली तर वरचा भाग खाली ढकलला जातो आणि तुलना खोटी होते. १ ते ३ किलोहर्ट्झचा पट्टा दोन्हींत सारखा करा. जवळिकीचा तिथे जवळजवळ परिणाम नसतो, म्हणून तो पाया धरता येतो.

मग स्पेक्ट्रम अॅनालायझरवर दोन्हींची सरासरी पाहिली. क्षणाक्षणाला नाचणारी रेघ उपयोगाची नाही, सगळ्या मिनिटाची सरासरी हवी. नवी फाइल १०० हर्ट्झला सुमारे ९ डेसिबल वर होती, २०० ला ६, ४०० ला ४ आणि ८०० ला जेमतेम १. गणितातल्या उताराशी हे इतकं जुळलं की शंका उरली नाही.

या मोजमापावर लो शेल्फ बसवला: मध्यबिंदू ३२० हर्ट्झ, क्यू ०.५, कपात ८ डेसिबल. ३२० ऐकून दचकू नका, मीही सुरुवातीला दचकलो होतो. आपण सगळे शेल्फ १०० किंवा १५० वर लावायला शिकलेलो असतो. पण शेल्फच्या मध्यबिंदूवर फक्त अर्धी कपात होते, आणि क्यू कमी ठेवला की उतार सौम्य होतो. या सेटिंगला प्रत्यक्षात १०० हर्ट्झवर सात-साडेसात डेसिबल कमी होतात, २०० वर पावणेसहा, ४०० वर तीन आणि ८०० वर एकच. म्हणजे फुगवट्याच्या आकाराचाच हा साचा आहे. शेल्फ १२० वर लावला असता तर १०० चं काम थोडं झालं असतं, पण २०० ते ४०० मधला चिखल अंगावरच राहिला असता, आणि ऐकताना खरा त्रास तोच देतो.

एक सावधगिरी: शेल्फचा आकडा सगळे इक्वलायझर सारख्या अर्थाने वापरत नाहीत. काहींत तो मध्यबिंदू असतो, काहींत कपात जिथून जाणवायला लागते ती जागा. म्हणून माझा ३२० जशाचा तसा उचलू नका. स्क्रीनवरची वक्ररेषा पाहा, आणि २०० आणि ४०० वर प्रत्यक्ष किती कपात होते आहे ते तपासा.

आता पूर्ण ८ डेसिबल ठेवायचे का? नाही ठेवले. कान लावून ऐकलं तर आवाज जुन्या फाइलसारखाच झाला होता, पण जवळून रेकॉर्ड केलेल्या आवाजात खोलीचा भाग कमी असतो, तो कोरडा असतो. अशा कोरड्या आवाजाला खालून थोडा आधार लागतो, नाहीतर तो उघडा पडल्यासारखा वाटतो. ६ डेसिबलवर आणला. सर्वसाधारणपणे मोजलेल्या फरकाच्या दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश एवढ्यावर माझा हात थांबतो. त्याच्या पुढे जायचं कारण सहसा एकच असतं: निवेदनाखाली संगीत आहे आणि त्या संगीतात आधीच भरपूर खर्ज आहे.

कापल्यावर लगेच 'आधी' आणि 'नंतर' ऐकलं तर आधीचंच बरं वाटतं. यात तुमच्या कानाचा दोष नाही. कपातीने फाइलचा आवाज लहान झालेला असतो आणि मोठा आवाज नेहमीच भारदस्त वाटतो. माझ्या फाइलमध्ये मीटर ३ डेसिबल खाली आला होता. तेवढे ३ डेसिबल परत वाढवले आणि मग बटण चालू-बंद करून तुलना केली, तेव्हा जुनी फाइल कशी तुंबलेली होती ते स्पष्ट ऐकू आलं.

उरलेल्या धक्क्यांसाठी शेवटी ७० हर्ट्झवर साधा हाय-पास लावला. तो आता फक्त स्वतःचं काम करतो, घुमण्याचा भार त्याच्यावर नाही. खूप मोठे तीन-चार धक्के मात्र हाताने, तेवढ्याच अक्षरापुरती पातळी कमी करून काढले. त्या चार अक्षरांसाठी अख्ख्या फाइलचा फिल्टर वर चढवायचा नाही.

एकाच वेळी बऱ्याच फाइली असतील आणि सगळ्यांचं अंतर सारखं असेल, तर हीच साखळी एफएफएमपेग या कमांडने चालणाऱ्या प्रोग्राममधून चालवता येते:

```
ffmpeg -i in.wav -af "highpass=f=70,lowshelf=f=320:t=q:w=0.5:g=-6,volume=3dB" out.wav
```

शेवटचे ३ डेसिबल त्या फाइलपुरते होते. दुसरी फाइल आधीच शिखराला टेकलेली असेल तर तेवढे वाढवल्यावर आवाज फाटेल, म्हणून निकाल मीटरवर पाहा.

बारा मिनिटं एकच अंतर राहत नाही

इथवर सगळं सुरळीत होतं. मग सातव्या मिनिटाला आवाज अचानक पातळ झाला. कारण साधं होतं. निवेदक पान उलटताना मागे सरकले आणि दीड-एक मिनिट तसेच बारा सेंटीमीटरवर बोलत राहिले. तिथे मुळात फुगवटा कमी होता आणि मी मात्र तिथेही तेवढेच ६ डेसिबल कापत होतो.

असे भाग शोधायला सगळी फाइल पुन्हा ऐकायची गरज नसते. पाच सेंटीमीटरवरून बारावर गेलं की आवाजाची पातळीही ६ ते ८ डेसिबलने पडते, म्हणून वेव्हफॉर्म जिथे बारीक होतो तिथे आधी जा. मात्र हे मूळ फाइलमध्येच दिसतं. कॉम्प्रेसर लावून झाल्यावर सगळं एकाच उंचीचं होतं आणि पुरावा पुसला जातो. मी तो भाग वेगळा कापला, शेल्फ २ डेसिबलवर आणला, पातळी वाढवून जुळवली आणि दोन्ही जोडांवर अर्ध्या सेकंदाचा मिलाफ दिला. सांधा निवेदकाच्या श्वासावर घ्यावा, शब्दाच्या मध्ये कधीच नको.

निवेदक सतत डोलत असेल, दर वाक्याला अंतर बदलत असेल, तर तुकडे पाडणं वेडेपणाचं होतं. तिथे डायनॅमिक इक्यू घ्यावा: त्याच जागी शेल्फ, पण खालचा भाग ठरावीक पातळीच्या वर गेला तरच कापणारा. माझी पद्धत अशी की ३ डेसिबल साध्या शेल्फने कायमचे काढायचे आणि उरलेले ३-४ डायनॅमिकवर सोडायचे. त्याची सुटण्याची वेळ फार कमी ठेवली तर तो प्रत्येक अक्षरावर उघडझाप करतो आणि खर्ज थरथरतो. १५० ते २०० मिलिसेकंदांपासून सुरुवात करून ऐकून बदलावं. सगळंच डायनॅमिकवर टाकलं तर जोर देऊन बोललेल्या शब्दांचं वजन जातं आणि वाचन सपाट होतं. निवेदकाने कमावलेला जोर आपणच मारून टाकायचा, हे मला पटत नाही.

साखळीत जागा कुठली

इक्वलायझर कॉम्प्रेसरच्या आधी. खर्ज फुगलेला असताना कॉम्प्रेसर त्या खर्जावरच चालतो. दर 'ओ' आणि 'ऊ'वर तो अख्खा आवाज दाबतो, व्यंजनं त्यात बुडतात, आणि पुढे कितीही इक्यू केला तरी ते दाबणं निघत नाही. निवेदकाने स्वतःच कॉम्प्रेसर लावून फाइल पाठवली असेल तर आधी कच्ची फाइल मागा. शेल्फ लावल्यावर कॉम्प्रेसरची मर्यादा पुन्हा बसवा, कारण जुन्या आकड्यावर तो आता क्वचितच जागा होईल.

आणखी एक गोष्ट अपेक्षित ठेवा. खर्ज उतरला की इतके दिवस त्याच्याखाली झाकलेलं वर येतं: 'स' आणि 'श'ची धार, ओठांची चुटपुट, जिभेचे टकटक. जवळून रेकॉर्ड केल्यामुळे हे सगळं आधीपासून फाइलमध्ये होतंच. हे पाहून शेल्फ मागे घेऊ नका. 'स'साठी डी-एसर पुढे लावा, टकटक हाताने काढा. ४०० ते ५०० च्या आसपास नाकातला स्वर जाणवू लागला तर तिथे दीड-दोन डेसिबलची रुंद कपात पुरते.

इक्वलायझरने जे होत नाही तेही आहे. माईक किंवा प्रीॲम्प खर्जाच्या भाराने फाटला असेल, म्हणजे जड शब्दांवर करकर ऐकू येत असेल, तर शेल्फने घुमणं कमी होईल पण करकर राहील, उलट जास्त उघडी पडेल. ती फाइल परतच करावी लागते.

त्या निवेदकांसाठी मी हे सेटिंग त्यांच्या नावाने जपून ठेवलं, कपात मात्र दर वेळी नव्याने मोजून ठरवतो. शिवाय त्यांना सांगून पॉप फिल्टर माईकपासून एक वीत पुढे बसवून घेतला. आता सरकले तरी नाक आधी जाळीला लागतं. परवाच्या फाइलला २ डेसिबल पुरले.